दहा तिकिटांवरून महिना कसा मोजतात: बंद कामांचं ऑडिट, त्याचा नमुना आणि गुण

सपोर्ट टीममध्ये काम करणाऱ्या माणसाला महिन्याच्या शेवटी एक आकडा मिळतो. ८८, ९३, ७६, असा काहीतरी. त्या महिन्यात त्याने दीडशे तिकिटं, म्हणजे ग्राहकांच्या नोंदवलेल्या तक्रारी आणि विनंत्या, बंद केलेली असतात आणि तपासलेली असतात दहा. मी आधी पाच वर्षं तिकिटं बंद केली आणि नंतर बरीच वर्षं इतरांची तपासली. त्या अनुभवावरून सांगते: किती गुण मिळाले हे विचारण्याआधी ती दहा तिकिटं कशी निवडली हे विचारायला हवं. निवड कळली की आकड्याचा अर्थ लागतो. निवड माहीत नसेल तर ९३ आणि ७६ यांत खरंच काही फरक आहे की नाही, हेही सांगता येत नाही.

हे मला फार उशिरा कळलं. तिकिटं बंद करण्याच्या दिवसांत माझा स्कोअर एका महिन्यात ९४ वरून ७६ वर आला. मी हादरले आणि पुढचा महिनाभर प्रत्येक उत्तर तीन-तीनदा वाचून पाठवत राहिले. पुढे मी स्वतः तपासायला लागले तेव्हा त्या महिन्याचा उलगडा झाला. तोपर्यंत रिव्ह्यूअर कुठलीही तिकिटं उचलायचे. त्या महिन्यापासून त्यांना सांगण्यात आलं होतं की रीओपन झालेली, म्हणजे बंद केल्यावर पुन्हा उघडलेली, तिकिटं आधी बघा, चुका तिथे सापडतात. चुका सापडल्याच. माझं काम होतं तसंच होतं, बदलली होती ती निवड. पण दोन्ही महिन्यांचे आकडे एकाच तक्त्यात, एकाच ओळीत, शेजारीशेजारी छापले गेले.

म्हणून हा लेख निवडीपासून सुरू करते. पुढचं सगळं एका टीमच्या उदाहरणावरून सांगणार आहे. उदाहरण रचलेलं आहे, पण त्यातला प्रत्येक घोळ मी पाहिलेला आहे. टीममध्ये १२ जण आहेत, काम ईमेल-चॅटवरच्या तिकिटांचं आहे आणि तिकिटं तीन प्रकारची आहेत: लॉगिनच्या अडचणी, रिफंड, आणि खातं बंद करण्याच्या विनंत्या.

पहिली पायरी: यादी

नमुना काढण्याआधी तो कशातून काढायचा हे ठरवावं लागतं. म्हणजे महिन्यात बंद झालेल्या सगळ्या तिकिटांची यादी. हे सोपं वाटतं, पण सगळ्यात मोठी गडबड इथेच होते आणि ती नंतर कुणाला दिसत नाही.

आपल्या टीमच्या सिस्टीममधून १,८७० बंद तिकिटं निघाली. त्यांतली २७० माणसाने बंद केलेलीच नव्हती. काही स्पॅम म्हणून आपोआप बंद झालेली, काही दुसऱ्या तिकिटात मर्ज केलेली, काही ग्राहकाने उत्तर न दिल्यामुळे ठरावीक दिवसांनी सिस्टीमनेच मिटवलेली. पहिल्या दोन प्रकारांत तपासण्यासारखं काही नसतं. तिसरा प्रकार मात्र एकदा नजरेखालून घालावा, कारण ग्राहक गप्प का बसला याचं कारण कधीकधी आपल्या आधीच्या अर्धवट उत्तरात असतं. ती वेगळी यादी करा आणि गुणांच्या हिशेबात धरू नका. उरली १,६००.

आता खरा सापळा. अनेक सिस्टीममध्ये तिकीट पुन्हा उघडलं की आधीची बंद केल्याची तारीख पुसली जाते. समजा एक तिकीट १२ तारखेला बंद झालं, २० तारखेला ग्राहकाने चिडून पुन्हा उघडलं आणि महिना संपताना ते उघडंच आहे. 'या महिन्यात बंद झालेली' असा फिल्टर लावला तर ते यादीत येणारच नाही. म्हणजे जिथे काम फसलं नेमकी तीच तिकिटं तपासणीतून आपोआप गळतात आणि टीमचा आकडा खऱ्यापेक्षा छान दिसतो. यावर उपाय म्हणजे सध्याची स्थिती न बघता स्थितीबदलाचा लॉग काढायचा आणि 'या महिन्यात पहिल्यांदा बंद झालेली' तिकिटं यादीत घ्यायची, मग ती आज उघडी असोत की बंद. यादी नीट आहे का हे पाहण्याची एक सोपी खूण आहे. तुमच्या यादीत रीओपन झालेली तिकिटं जवळजवळ नसतील आणि रोजच्या कामात ती भेटत असतील, तर यादी चुकली आहे.

आणखी एक तपासा. तिकीट कुणाच्या नावावर आहे? सिस्टीम सहसा शेवटी बंद करणाऱ्याचं नाव दाखवते. पण चूक पहिल्या उत्तरात झालेली असू शकते आणि ते उत्तर दुसऱ्याच कुणाचं असू शकतं. यादीत शेवटच्या माणसाचं नाव राहू द्या, पण चूक नोंदवताना ती कृती ज्याने केली त्याचंच नाव लिहा. एवढं पाळलं तरी अर्धी भांडणं मिटतात.

दुसरी पायरी: चिठ्ठ्या टाकणं

आता १,६०० मधून १२० निवडायची आहेत. रिव्ह्यूअरने यादी उघडून वरून खाली बघत 'हे घेऊ, हे घेऊ' असं केलं की नमुना बिघडला. माणसाचं बोट नकळत छोट्या तिकिटांकडे जातं, कारण ती लवकर संपतात. किंवा लक्षवेधी विषयांकडे जातं. यादी वेळेप्रमाणे लावलेली असेल तर वरची तिकिटं बहुतेक शेवटच्या पाळीतली असतात. यात कुणाचा वाईट हेतू नसतो, पण परिणाम व्हायचा तो होतोच.

स्प्रेडशीटमध्ये चिठ्ठ्या टाकायला एक जादा रकाना पुरतो. प्रत्येक ओळीसमोर हे लिहायचं:

```
=RAND()
```

आणि लगेच तो रकाना कॉपी करून फक्त व्हॅल्यू म्हणून पेस्ट करायचा. हे विसरलात तर शीटमध्ये काहीही टाइप केलं की सगळे आकडे बदलतात आणि आधी कुठली तिकिटं आली होती याचा पुरावा उरत नाही. व्हॅल्यू पक्क्या झाल्या की त्या रकान्यावर यादी चढत्या क्रमाने लावा आणि वरून हवी तेवढी घ्या. ही फाइल जपून ठेवा. पुढे कुणी विचारलं की 'माझंच हे तिकीट का?', तर दाखवायला उत्तर असतं.

मग एक नियम आधीच लिहून ठेवा: निवडलेलं तिकीट केव्हा बदलता येईल? 'ते इंग्रजी-मराठी मिसळून होतं', 'फार लांब होतं', 'तीन जणांनी हाताळलं होतं' ही कारणं नाहीत. अवघड तिकिटं वगळत गेलात की नमुन्यात सोपी तेवढी उरतात. डुप्लिकेट निघालं किंवा तपासणाऱ्याला ते बघण्याचा अधिकार नाही, एवढीच कारणं पुरेशी आहेत. बदली तिकीट त्याच क्रमात पुढचं घ्यायचं, आवडीचं नाही.

सगळी १२० महिन्याच्या शेवटी एकदम काढू नका. दर आठवड्याला ३० काढली तर माणसाला आपण काय केलं हे अजून आठवत असतं. तीन तारखेच्या उत्तराबद्दल पुढच्या महिन्याच्या दहा तारखेला विचारलं तर तो फक्त मान हलवणार.

प्रकारानुसार किती घ्यायची, आणि नंतर ती पुन्हा तोलायची

१,६०० पैकी १,००० लॉगिनची, ४०० रिफंडची आणि २०० खातं बंद करण्याची आहेत. सरसकट चिठ्ठ्या टाकल्या तर १२० मध्ये साधारण ७५ लॉगिन, ३० रिफंड आणि १५ खातं बंद अशी येतील. पण लॉगिनमध्ये चुकून चुकून काय चुकणार? पासवर्डची लिंक उशिरा जाईल. खातं बंद करताना चुकलं तर भलत्याच माणसाचा डेटा पुसला जाऊ शकतो, आणि तिथे १५ तिकिटं फार कमी आहेत. म्हणून शहाणी टीम प्रत्येक प्रकारातून ४०-४० घेते. नमुन्याचे असे थर पाडणं योग्यच आहे, पण त्यानंतरची एक पायरी बहुतेक ठिकाणी विसरली जाते.

तपासल्यावर समजा असं निघालं: लॉगिनच्या ४० मध्ये २ चुकलेली, रिफंडच्या ४० मध्ये ६, खातं बंदच्या ४० मध्ये ८. एकूण १२० पैकी १६, म्हणजे १३ टक्क्यांहून थोडं जास्त. हा आकडा टीमचा म्हणून वर पाठवला जातो आणि तो चुकीचा असतो. कारण अवघड प्रकारांची तिकिटं आपण मुद्दाम जास्त उचलली होती.

बरोबर हिशेब असा. लॉगिनमध्ये ५ टक्के चुका, म्हणजे १,००० पैकी अंदाजे ५०. रिफंडमध्ये १५ टक्के, म्हणजे ४०० पैकी ६०. खातं बंदमध्ये २० टक्के, म्हणजे २०० पैकी ४०. बेरीज १५०. १,६०० पैकी १५० म्हणजे ९.४ टक्के. तेरा आणि साडेनऊ यांतला फरक कामाचा नाही, केवळ हिशेबाचा आहे. पुढच्या महिन्यात कुणी ४०-४०-४० ऐवजी ६०-४०-२० घेतली आणि तोलायचं विसरलं, तर काहीही न सुधारता टीम 'सुधारलेली' दिसेल.

या ९.४ लाही दोन्ही बाजूंनी जागा सोडा. इतक्या नमुन्यावर ९५ टक्के खात्रीने बोलायचं तर खरा आकडा साधारण ४ ते १५ च्या मध्ये कुठेही असू शकतो. मागच्या महिन्यात ११ होता आणि या महिन्यात ९.४ आला म्हणून कुणाचं अभिनंदन करायची गरज नाही, आणि उलट झालं तर कुणाला बोलावून घ्यायचीही नाही.

शोधायची तिकिटं वेगळ्या डब्यात

रीओपन झालेली, तक्रार आलेली, वाईट रेटिंग मिळालेली तिकिटं बघायलाच हवीत. चुका कशा होतात हे तिथेच लवकर कळतं. पण ती चुका असण्याची शक्यता बघूनच उचललेली असतात. त्यांचे गुण चिठ्ठीने आलेल्या तिकिटांच्या सरासरीत मिसळले की सरासरीला अर्थ उरत नाही. दोन वेगळ्या शीट ठेवा. चिठ्ठीची शीट सांगते की काम एकूण कसं चाललंय. शोधलेल्या तिकिटांची शीट सांगते की काय आणि का बिघडतंय, आणि तिच्यावर गुण लावूच नयेत असं माझं ठाम मत आहे. माझे ७६ गुण या दोन डब्यांच्या मिसळीतून आले होते.

गुण देताना

आता एक तिकीट जवळून बघू. ग्राहक लिहितो: 'माझे पैसे दोनदा कापले गेलेत, एकदाचे परत करा. आणि पावतीवर माझा जुना पत्ता येतोय, तोही बघा.' आपल्या माणसाने व्यवहार तपासला, दोनदा कापल्याचं बरोबर ओळखलं, योग्य रक्कम परत पाठवली आणि लिहिलं: 'तुमचा रिफंड सुरू केला आहे, ५ ते ७ दिवसांत खात्यात दिसेल.' तिकीट योग्य कारणाखाली बंद केलं. आतल्या नोटमध्ये दोन शब्द: 'रिफंड केला.'

स्कोअरकार्डवर सहा प्रश्न आहेत. विचारलेल्या सगळ्या गोष्टींना उत्तर मिळालं का, याला २० गुण. कृती बरोबर केली का, ३५. पुढे काय होणार हे ग्राहकाला सांगितलं का, १५. दुसऱ्या टीमकडे पाठवताना पूर्ण माहिती दिली का, १०. पुढच्या माणसाला पुरेल अशी नोट आहे का, १०. बंद करण्याचं कारण बरोबर निवडलं का, १०.

पहिला प्रश्न: नाही, पत्ता राहिला. शून्य. दुसरा: हो, ३५. तिसरा: हो, १५. चौथा लागूच नाही, तिकीट कुठे पाठवलंच नव्हतं. पाचवा: नाही, व्यवहाराचा क्रमांक आणि रक्कम नोटमध्ये नाही. उद्या ग्राहकाने पुन्हा विचारलं तर कोणत्या व्यवहाराचे पैसे परत गेले हे नव्याने शोधावं लागेल. सहावा: हो, १०. मिळाले ६०.

पण कितीपैकी? लागू नसलेल्या प्रश्नाचे १० गुण फुकट दिले तर १०० पैकी ७० होतात. तो प्रश्न काढून टाकला तर ९० पैकी ६०, म्हणजे जवळजवळ ६७. दुसरी पद्धत बरोबर आहे. पहिल्या पद्धतीत ज्याच्याकडे सोपी, एका टप्प्यात संपणारी तिकिटं येतात त्याला न केलेल्या कामाचे गुण मिळत राहतात. तुमच्या टीममध्ये यांतलं काय होतं हे आजच विचारून घ्या.

अर्धे गुण देण्याची सोय ठेवू नका. 'पत्त्याचं राहिलं, पण रिफंड छान झाला, म्हणून २० पैकी १०' असं सुरू झालं की एक रिव्ह्यूअर दहा देतो, दुसरा पाच, तिसरा शून्य. हो की नाही एवढंच विचारा. आणि प्रत्येक 'नाही'समोर तिकिटातली नेमकी ओळ चिकटवा. 'उत्तर अपूर्ण' असं लिहिलं तर समोरचा फक्त दुखावतो. 'ग्राहकाचं दुसरं वाक्य, जुना पत्ता, यावर काहीच लिहिलेलं नाही' असं लिहिलं तर त्याला कळतं.

फेटल चुकांचं वेगळं असतं. भलत्या माणसाला पैसे गेले, ओळख न पटवता खात्याची माहिती दिली, असं झालं तर बाकी सगळं बरोबर असूनही तिकीट नापास. ही यादी छोटी हवी, चार-पाच गोष्टींची, आणि खरंच नुकसान करणाऱ्या गोष्टींचीच. ग्राहकाच्या नावाने सुरुवात केली नाही हे फेटलच्या यादीत पाहिलं आहे मी. अशा ठिकाणी आकडा कामाबद्दल काही सांगेनासा होतो.

तपासणाऱ्याने एक शिस्त पाळावी. तिकीट रीओपन झालं होतं का, ग्राहकाने किती तारे दिले, हे गुण देईपर्यंत बघू नये. शेवट माहीत असला की मधल्या प्रत्येक पायरीत खोट दिसायला लागते. त्या क्षणी त्या माणसासमोर जेवढी माहिती होती तेवढ्यावरच गुण द्या. नियमही त्या दिवशीचाच लावा. रिफंडची मर्यादा १५ तारखेला बदलली असेल तर १० तारखेचं तिकीट जुन्या मर्यादेनेच तपासायचं.

दोन रिव्ह्यूअर, एकच तिकीट

गुण देणारेच आपसांत जुळत नसतील तर वरचं सगळं व्यर्थ. म्हणून अधूनमधून काही तिकिटं दोघांनी एकमेकांचे गुण न बघता तपासायची. आपल्या टीममध्ये ४० तिकिटं अशी तपासली. ३२ दोघांनी पास केली, २ दोघांनी नापास केली, ३ फक्त पहिल्याने आणि ३ फक्त दुसरीने नापास केली. ४० पैकी ३४ वर एकमत, म्हणजे ८५ टक्के. मीटिंगमध्ये 'आपलं छान जुळतंय' असं म्हटलं जातं आणि विषय संपतो.

पण नीट बघा. निदान एकाने तरी नापास केलेली ८ तिकिटं आहेत आणि त्यांतल्या फक्त २ वर दोघं सहमत आहेत. बहुतेक तिकिटं पासच असतात, त्यामुळे दोघांनी डोळे मिटून पास-पास म्हटलं तरी एकमत भरपूर दिसतं. हे योगायोगाचं एकमत वजा करून उरलेलं मोजायची पद्धत जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये मांडली. तिला कप्पा म्हणतात. कप्पा १ आला म्हणजे पूर्ण एकमत आणि ० आला म्हणजे योगायोगापलीकडे काही नाही. इथे दोघंही ४० पैकी ५ नापास करतात, तेव्हा नुसत्या योगायोगाने ७८ टक्के जुळलं असतं. प्रत्यक्षात ८५ जुळलं. हिशेब केला की कप्पा ०.३१ येतो. म्हणजे तुमचं तिकीट नापास होणार की नाही हे बऱ्याच अंशी ते कुणाच्या हातात पडलं यावर ठरतंय.

असं निघालं की त्या ६ तिकिटांवर दोघांना समोरासमोर बसवा. कोण बरोबर हे ठरवण्यात वेळ घालवू नका. कोणत्या प्रश्नावर फाटे फुटले ते शोधा. जवळपास नेहमी एकदोन प्रश्नांतच सगळं अडकलेलं असतं. 'पुरेशी नोट' म्हणजे किती, यावर एकाचं मत एक आणि दुसरीचं दुसरं. मग प्रश्नच बदलायचा: नोटमध्ये व्यवहार क्रमांक, रक्कम आणि कारण या तिन्ही गोष्टी आहेत का? आता मताला जागाच उरत नाही.

काम करणाऱ्याने आकडा कसा वाचावा

समजा तुमची दर दहा तिकिटांमागे सरासरी एक चुकते, आणि वर्षभर तुम्ही अगदी तस्संच काम करता. दर महिन्याला चिठ्ठीने १० तिकिटं निघतात. साधा शक्यतेचा हिशेब सांगतो की साधारण ३५ टक्के महिन्यांत एकही चूक सापडणार नाही, ३९ टक्क्यांत एक, आणि २६ टक्क्यांत दोन किंवा जास्त. म्हणजे वर्षात अंदाजे चार महिने तुम्ही १००, चार-पाच महिने ९० आणि तीन महिने ८० किंवा त्याखाली. काम तसूभरही न बदलता. त्या १०० च्या महिन्यात टीममध्ये टाळ्या पडतील आणि ७० च्या महिन्यात तुम्हाला बाजूला बोलावलं जाईल. दोन्ही गोष्टी तुमच्याबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाहीत.

उलटही लक्षात ठेवा. सलग तीन महिने, ३० तिकिटांत एकही चूक निघाली नाही, म्हणून आपण निर्दोष असं नाही. एकही चूक न सापडलेल्या नमुन्यासाठी एक सोपा ठोकताळा आहे: ३ ला नमुन्याच्या संख्येने भागा. ३० तिकिटांसाठी उत्तर १० टक्के. म्हणजे खरं प्रमाण दहात एक इतकं असूनही अशी स्वच्छ तिमाही कधीतरी येऊ शकते.

नमुना-तपासणीचं हे शास्त्र मुळात मालासाठी घडलं. १९२० च्या दशकात बेल टेलिफोनच्या प्रयोगशाळेत हॅरोल्ड डॉज आणि हॅरी रोमिग यांनी कारखान्यातल्या मालाच्या गठ्ठ्यांतून किती नग तपासायचे याची कोष्टकं बांधायला सुरुवात केली. तिथे प्रश्न एवढाच होता की हा गठ्ठा स्वीकारायचा की परत पाठवायचा. एका माणसाला महिन्याच्या दहा नगांवरून तोलणं हा त्या शास्त्राचा हेतू नव्हता. टीमच्या पातळीवर १२० तिकिटं काहीतरी सांगतात. एका माणसाच्या १० तिकिटांतून गुण म्हणून फार काही हाती लागत नाही, शिकण्यासाठी मात्र बरंच लागतं.

ते असं. टक्केवारी बाजूला ठेवा आणि तीन महिन्यांची तुमची ३० तिकिटं प्रश्नांनुसार मांडा. आपल्या टीममधल्या एका मुलीने हे केलं तर असं दिसलं: चुकीची कृती १, बंद करण्याचं चुकीचं कारण १, ग्राहकाच्या एखाद्या प्रश्नाला उत्तर नाही ८. इतर प्रश्नांत काही नाही. ३० पैकी ८ हे नशिबाचे खेळ म्हणून सोडून द्यायला जास्त आहे. मग तिने ती ८ तिकिटं शेजारीशेजारी उघडली. सहा चॅटवरून आलेली होती. चॅटमध्ये ग्राहक एक वाक्य लिहितो, उत्तर येईपर्यंत दुसरं लिहितो, मग तिसरं. ती उत्तर टाइप करत असतानाच नवी ओळ वर येऊन बसत होती आणि तिचं लक्ष जात नव्हतं.

इथपर्यंत हा नुसता अंदाज आहे. सहा तिकिटांवर नियम बांधू नये. म्हणून तिने स्वतःच्या चॅट तिकिटांतून चिठ्ठीने १५ आणि ईमेलच्या तिकिटांतून १५ काढली आणि फक्त एवढंच पाहिलं की विचारलेल्या सगळ्याला उत्तर गेलं का. चॅटमध्ये ५ ठिकाणी राहिलं होतं, ईमेलमध्ये एका. अंदाज टिकला. मग सवय बदलली ती एवढीच: बंद करण्याचं बटण दाबण्याआधी ग्राहकाच्या ओळी वरून खाली वाचायच्या, आपल्या नाही. दीड महिन्याने पुन्हा चॅटची १५ काढली, त्यात एक निघालं.

हे करताना तिला आणखी एक गोष्ट दिसली. दोन तिकिटांत तिने पत्त्याबद्दल मुद्दामच लिहिलं नव्हतं, कारण पत्ता बदलण्याचा अधिकार तिच्या टीमकडे नव्हता आणि तयार उत्तरांत त्यासाठी काही नव्हतं. तिने बाकीच्यांना विचारलं. निम्म्यांचे गुण त्याच कारणाने कापले गेले होते. अशी चूक बारा जणांना वेगवेगळं समजावून जात नाही. तयार उत्तर लिहावं लागतं, आणि ते लिहिलं गेलं.

हरकत घ्यायची असेल तेव्हाही हाच रस्ता. 'गुण वाढवा' असं लिहिलंत तर ती घासाघीस होते. त्यापेक्षा विचारा: हे तिकीट चिठ्ठीने आलं की शोधून उचललं? कोणत्या ओळीवर 'नाही' दिलंय? त्या दिवशी कोणता नियम लागू होता? ती कृती माझी होती की माझ्या आधीच्या माणसाची? या चारांतल्या एकाचं जरी उत्तर रिव्ह्यूअरकडे नसेल तर गुण परत तपासायला हवेत. चारही उत्तरं मिळाली आणि तरी पटलं नाही, तर ते तिकीट दोघांनी तपासायच्या पुढच्या गठ्ठ्यात नाव न लावता टाकायला सांगा. मी तपासत असताना अशी आलेली तिकिटं आम्ही दर पंधरवड्याला बघायचो, आणि ज्या प्रश्नावर हरकती वारंवार मान्य व्हायच्या तो प्रश्न पुढच्या महिन्याच्या स्कोअरकार्डमध्ये नव्याने लिहिला जायचा.